शून्यानंतरचा आकडा

जून-जुलैत मिरकरवाडा बंदर वेगळेच दिसते. १ जूनपासून मासेमारी बंद होते, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि एरवी पहाटेपासून धावपळ करणाऱ्या माणसांच्या हाताशी अचानक मोकळा वेळ येतो. दोन महिन्यांच्या या रिकामपणात कोकणच्या बंदरांवर दारू वाढते, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. घरातल्या बायकांना ते पाठ असते. दारू सोडलेल्याचा कस लागतो तोही याच दिवसांत. आता यात एका नव्या बाटलीची भर पडली आहे. बाटली बिअरची, झाकण बिअरचे, फेस आणि कडवटपणाही बिअरचाच. लेबलावर मात्र ‘नॉन-अल्कोहोलिक’ किंवा ठळक ‘०.०’. महाराष्ट्रातल्या शहरांत ही बाटली मोठ्या किराणा दुकानात शीतपेयांच्या शेजारी मिळते, मोबाइलवरून घरपोच येते. आखातात नोकरी करणारे नातेवाईक तर फार पूर्वीपासून सुट्टीवर येताना मॉल्टचे कॅन बॅगेतून आणत आहेत. ‘हिच्यात काही नसतं’ असे म्हणून ती पुढे केली जाते.

हे वाक्य खरे की खोटे, ते पिणारा कोण आहे यावर ठरते. गाडी चालवणारा, गरोदर बाई आणि दारू सोडलेला माणूस या तिघांसाठी त्याची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि ती वेगळी असण्याची कारणेही वेगळी. ‘थोडीच तर असते’ किंवा ‘थोडी म्हणजे दारूच’ अशी एकच फुटपट्टी तिघांना लावली, की तिघांपैकी कुणाला तरी चुकीचा सल्ला मिळतो.

आधी बाटलीत काय असते ते पाहू. बहुतेक अल्कोहोलविरहित बिअर खऱ्या बिअरसारखीच, सातूचे माल्ट, हॉप्स आणि यीस्ट घेऊन सुरू होते. पुढे वाटा फुटतात. एका पद्धतीत यीस्टला माल्टमधली साखर पुरती खाऊच दिली जात नाही. तापमान खाली आणून आंबणे मध्येच थांबवले जाते, किंवा माल्टमधली मुख्य साखर पचवू न शकणारे यीस्ट वापरले जाते. दुसऱ्या पद्धतीत आधी पूर्ण बिअर तयार करून तिच्यातले अल्कोहोल काढून घेतात. ते एरवी ७८ अंशांना उकळते. पण टाकीतली हवा ओढून दाब कमी केला की चाळीसेक अंशांनाच उडून जाते आणि बिअरची चव करपत नाही. काही कारखाने बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून हेच साधतात. यातली कुठलीही वाट घेतली तरी अल्कोहोलचा शेवटचा अंश काढणे सर्वांत अवघड आणि महागडे असते. तिथेच ‘०.५’ आणि ‘०.०’ हा फरक निर्माण होतो.

भारताच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्य ठरते. म्हणजे अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेली बाटली कायद्याच्या दृष्टीने मद्य नाही. ‘०.०’ लिहिणाऱ्या कंपन्यांचा अर्थ बहुधा ‘०.०५ टक्क्याहून कमी’ असा असतो. दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत मोजले की तिथे शून्य उमटते. सारांश असा की ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द ऐकून बाटली ओळखता येत नाही, शून्यानंतरचा आकडा वाचावा लागतो. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, एकाच नावाने उभ्या असतात आणि त्यांच्यात दहापटीचा फरक असू शकतो.

तरी या अर्ध्या टक्क्याला बिचकून जायचे कारण नाही. अगदी पिकलेल्या केळ्यात, यीस्ट घालून फुगवलेल्या पावात, उघडून ठेवलेल्या फळांच्या रसात थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते आणि ते आपण सगळेच खातो-पितो. कोकणातल्या माणसाला तर हे शिकवायलाच नको. सकाळी झाडावरून उतरवलेली गोड नीरा उन्हात राहिली की काही तासांत तिची माडी होते. बंद बाटलीतल्या बिअरमध्ये असे काही होत नाही, कारण यीस्ट गाळलेले किंवा उष्णतेने मारलेले असते.

आता गाडी चालवणाऱ्याचा हिशेब. मिरकरवाड्यातून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला निघणाऱ्या टेम्पोचालकाने निघण्यापूर्वी ०.५ टक्क्याची ३३० मिलिलिटरची एक बाटली घेतली असे समजा. त्या बाटलीत साधारण १.३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे. चालक सत्तर किलोचा असेल आणि हे सगळे एका क्षणात रक्तात मिसळले असे धरले, तरी १०० मिलिलिटर रक्तात तीन मिलिग्रॅमपेक्षा कमीच भरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ती गाठायला त्याला अशा अकरा बाटल्या, म्हणजे साडेतीन लिटरच्या पुढे, एका दमात प्याव्या लागतील. तोपर्यंत यकृतही स्वस्थ बसत नाही. निरोगी माणसाचे यकृत तासाला सुमारे सात ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते, त्यामुळे एका बाटलीचा अंश दहा-पंधरा मिनिटांत संपतो. तुलनेसाठी, ५ टक्क्यांच्या साध्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमहून अधिक अल्कोहोल असते, आणि ‘स्ट्राँग’मध्ये चाळीसच्या आसपास. या तिघांतला चालक त्यामुळे सर्वांत सुरक्षित आहे, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवे.

त्याच्या वाटेत दोन खड्डे मात्र आहेत. पहिला तोंडाचा. घोट घेतल्याबरोबर फुंकणीच्या यंत्रात फुंकले, तर यंत्र रक्तातले नव्हे, जिभेवर आणि गालात राहिलेले अल्कोहोल मोजते आणि आकडा नसता वर जाऊ शकतो. पंधरा मिनिटे थांबून पाण्याने चूळ भरली की तो उतरतो. पोलिसाने थांबवलेच, तर थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घ्या असे शांतपणे सांगावे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही असताना हे माहीत असलेले बरे. दुसरा खड्डा बाटल्यांच्या सारखेपणाचा. एकाच कंपनीची, एकाच रंगाची बाटली ५ टक्क्यांतही मिळते आणि ०.० मध्येही, लग्नाच्या हळदीत, अंधारात, बर्फाच्या टबातून काढलेली बाटली कोणती होती हे दुसऱ्या दिवशी कोणी शपथेवर सांगू शकत नाही. ‘लाइट’ हा शब्द तर याहून फसवा आहे. त्याचा अल्कोहोलच्या शून्याशी संबंध नाही.

गरोदर बाईचा प्रश्न वेगळा आहे. चालकासाठी कायद्याने एक रेघ आखली आहे, तिच्याखाली राहिले की झाले. गर्भासाठी अशी रेघ कोणी आखू शकलेले नाही. आईच्या रक्तातले अल्कोहोल वारेतून बाळापर्यंत पोचते आणि थोड्याच वेळात दोघांच्या रक्तातले प्रमाण जवळजवळ सारखे होते. आईचे यकृत ते मोडते. बाळाचे यकृत अजून त्या कामाला तयार नसते, आणि गर्भजलात उतरलेले अल्कोहोल तिथे रेंगाळते. जास्त दारूमुळे बाळाची वाढ खुंटते, चेहऱ्याची ठेवण बदलते, पुढे शिकण्यात आणि वागण्यात आयुष्यभराच्या अडचणी राहतात, हे पक्के ठाऊक आहे. कमीत कमी किती घेतले तर काहीच होत नाही, ते मात्र ठाऊक नाही. गर्भवतींवर असे प्रयोग करता येत नाहीत, आणि करूही नयेत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेपासून गावच्या प्रसूतितज्ज्ञापर्यंत सगळे गरोदरपणात अजिबात नको म्हणतात. अर्ध्या टक्क्याने अपाय झाल्याचे सिद्ध झाले आहे असे यातून निघत नाही. सुरक्षिततेची हमी कोणी देऊ शकत नाही आणि पिण्यावाचून काही अडत नाही, एवढाच त्यामागचा तर्क.

त्याला लेबलाच्या भरवशाचा प्रश्न जोडला जातो. कॅनडात टोरोंटोच्या संशोधकांनी अल्कोहोल नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ४५ पेयांची तपासणी करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १३ पेयांत लेबलावर लिहिल्यापेक्षा जास्त अल्कोहोल निघाले. अल्कोहोल मुळीच नाही असे सांगणाऱ्या सहांमध्ये तर ते एक टक्क्याहून अधिक होते. ती पेये तिथल्या बाजारातली होती आणि आज कारखाने सुधारले आहेत, त्यामुळे हेच प्रमाण आपल्या दुकानांना लावता येणार नाही. पण ‘०.०’ हा आकडा म्हणजे कंपनीचा शब्द आहे आणि तो अधूनमधून तपासावा लागतो, एवढे त्यावरून नक्की कळते. गर्भारपणाची चाहूल लागण्यापूर्वी जिने अजाणता अशी एखादी बाटली घेतली असेल, तिने जीव टांगणीला लावू नये. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगावे आणि विषय तिथे संपवावा. बाळंतीण दूध पाजत असेल तर चित्र बरेच सौम्य आहे. अशा पेयातून दुधात उतरणारे अल्कोहोल नगण्य असते आणि लवकर निघून जाते. बिअरने दूध वाढते या समजुतीपायी मात्र ती कोणी पाजू नये.

खरी जोखीम तिसऱ्या माणसाची आहे, आणि तिथे बाटलीतल्या ग्रॅमचा हिशेब फारसा उपयोगी पडत नाही.

समजा, एक तांडेल आहे. वीस वर्षे नौका चालवली, पंधरा वर्षे प्यायला. आठ महिन्यांपूर्वी उपचार घेतले, तेव्हापासून थेंब नाही. पावसाळ्यात जुनी टोळी जेट्टीवर बसते, त्याने वेगळे बसू नये म्हणून कोणीतरी प्रेमाने ०.० आणून देतो. कधी बायकोच आणते: बाहेर जाऊन खरी पिण्यापेक्षा घरात ही बरी. तिचा हेतू निर्मळ आहे आणि हिशेबही वरवर बरोबर दिसतो. तरी ती बाटली दोन वाटांनी घात करू शकते.

पहिली वाट औषधाची. दारू सोडणाऱ्या काहींना डॉक्टर डायसल्फिरॅमची गोळी देतात. अल्कोहोल मोडताना शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो; एरवी तो लगेच पुढे मोडला जातो, ही गोळी तेच मोडणे थांबवते. गोळी चालू असताना प्यायले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. जास्त प्यायल्यास जिवावर बेतते. शरीर संवेदनशील असेल तर १०० मिलिलिटर रक्तात पाच ते दहा मिलिग्रॅम अल्कोहोलही हा त्रास सुरू करायला पुरते. चालकाचा हिशेब आठवा: एका बाटलीने तीनच्या आत. म्हणजे ०.५ टक्क्याच्या दोन-तीन बाटल्या भरभर घेतल्या की आकडा नेमका या पट्ट्यात येतो. कायद्याच्या रेघेपासून कोसभर दूर असलेले प्रमाण या माणसाला रुग्णालयात पोचवू शकते. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम एक-दोन आठवडे टिकतो. आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. काही घरांत ही गोळी त्या माणसाला न सांगता भाजीत, चहात मिसळली जाते. त्याला गोळी माहीत नाही, घरच्यांना बाटलीतला अर्धा टक्का माहीत नाही, आणि डॉक्टरला यातले काहीच माहीत नाही. नकळत गोळी देणे सर्वस्वी धोक्याचे आहे, मग समोर खरी बिअर असो वा बिनअल्कोहोलची.

दुसरी वाट मेंदूची, आणि तिला अल्कोहोल लागतच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे नीट समजून घ्यावा असा आहे. ४९ पुरुषांच्या जिभेवर त्यांच्या आवडीची बिअर नळीने थोडी थोडी सोडली गेली, पंधरा मिनिटांत मिळून अवघी १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे. एवढ्याने नशा येणे शक्यच नव्हते. त्याच वेळी मेंदूचे चित्रण चालू होते. मेंदूत बक्षिसाची हुरहुर लावणाऱ्या भागात डोपामाइन हे रसायन वाढलेले दिसले. खेळाडू पितात त्या गोड पेयाच्या चवीने तसे झाले नाही. पिण्याची इच्छाही चवीसोबत वाढली. ज्यांच्या घराण्यात दारूचे व्यसन होते त्यांच्यात डोपामाइनची उसळी अधिक होती. नशा पोचण्यापूर्वीच, निव्वळ चवीवर, मेंदू ‘आता येणार’ म्हणून तयारीला लागला होता.

बिनअल्कोहोलच्या बिअरचा सगळा व्यवसाय तीच चव, तोच वास, तोच फेस हुबेहूब साधण्यावर उभा आहे. कारखाना त्यात जितका यशस्वी, तितकी ती बाटली या तांडेलासाठी जोखमीची. पंधरा वर्षांत त्याच्या मेंदूने झाकण उघडल्याचा आवाज, थंड काचेचा स्पर्श आणि पहिला कडवट घोट या सगळ्यांची एकच गाठ मारून ठेवली आहे. ०.० ने ती गाठ ओढली जाते, पण त्यामागून यायची ती नशा येत नाही. काहींना तेवढ्यावर थांबता येते. ‘मी यावरच खरी सोडली’ असे सांगणारी माणसे आहेत आणि त्यांना खोटे म्हणायचे कारण नाही. रोज एखादी बिअर घेणाऱ्या, व्यसन न जडलेल्या माणसाने तिच्या जागी हिला आणले तर त्यात त्याचे हितच आहे. पण व्यसन हा आजार एकदा जडलेल्या माणसाबाबत कोण थांबेल आणि कोण जेट्टीवरून उठून थेट दुकान गाठेल, हे आधी ओळखण्याची चाचणी नाही. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या केंद्रांचा भर म्हणूनच केवळ दारू बंद करण्यावर नसतो. ती ज्या सवयींत, ज्या बैठकीत गुंफलेली असते त्या बदलण्यावर असतो. तीच बैठक तशीच ठेवून नुसता बाटलीतला द्रव बदलायचा, हे त्याच्या अगदी उलट झाले.

घरच्यांना ओळखण्यासारख्या खुणा आहेत. बाटल्यांची संख्या वाढत जाते. पिण्याची वेळ पूर्वीच्या पिण्याच्या वेळेवर येऊन थांबते. बाटली मिळाली नाही की चिडचिड होते. तो एकटा बसून पिऊ लागतो. जुन्या टोळीकडे पाय वळू लागतात. ‘ह्यात मजा नाही’ हे वाक्य ऐकू येते. असे दिसले तर भांडण न करता डॉक्टरांकडे किंवा उपचार केंद्राकडे लगेच परत जावे, खरी बाटली हातात येण्याची वाट पाहू नये. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय असल्याने मनोविकारतज्ज्ञासाठी घाट चढून जावे लागत नाही. नोकरीच्या किंवा उपचारांच्या अटीमुळे ज्याच्या लघवीची तपासणी होते, त्याने आणखी एक ध्यानात ठेवावे: अल्कोहोलचे अवशेष शोधणाऱ्या काही चाचण्या इतक्या बारीक आहेत की ०.५ टक्क्याच्या पुष्कळ बाटल्यांनीही त्या ‘दारू घेतली’ असे दाखवू शकतात.

या बाबतीत सरकारकडून मागायचे ते फार नाही. खऱ्या बिअरच्या बाटलीवर आरोग्याचा आणि गाडी न चालवण्याचा इशारा छापणे सक्तीचे आहे. हिच्यावर तो नसतो, कारण कायद्याने ती मद्य नाही. तिला दारूच्या रांगेत बसवावे असे आम्ही म्हणत नाही. पण अल्कोहोलचे खरे प्रमाण, ०.० असो वा ०.५, मराठीत आणि नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापले जावे. गरोदर महिला आणि दारू सोडण्याचे उपचार घेणारे यांच्यासाठी एक ओळ असावी. आणि अन्न व औषध प्रशासनाने दुधाचे नमुने उचलावेत तसे हिचेही अधूनमधून उचलून निकाल जाहीर करावेत. दारूच्या जाहिरातीला बंदी असताना तेच नाव, तोच रंग आणि तीच बाटली घेऊन ०.० ची जाहिरात मोकळेपणाने फिरते, त्याचाही विचार व्हायला हवा. ती जाहिरात नेमकी कोणत्या बाटलीची, हे दारू सोडलेल्या माणसाचा मेंदू सर्वांच्या आधी ओळखतो.

१ ऑगस्टला बंदी उठते, नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला नारळ दिला जातो आणि नौका पाण्यात उतरतात. तोवरच्या बैठकांत, हळदीत, बारशात त्या तांडेलाच्या हाती काय द्यायचे हा प्रश्न यजमानापुढे येणारच. कोकम सरबत द्यावे, शहाळे द्यावे, आल्याचा चहा द्यावा. बिअरशी चवीचे, वासाचे आणि बाटलीचे कुठलेच नाते नसलेले काहीही चालेल. आणि तो ‘नको’ म्हणाला, तर का म्हणून विचारू नये.